धागा: मंगळसूत्राच्या बिलातली घडणावळ जुळत नाही – सोन्याचं बिल कसं तपासायचं?

मुग्धा_एस

नमस्कार. पुण्यातल्या एका पेढीतून मंगळसूत्र घेतलं आहे. घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसले तर शेवटची रक्कम जुळत नाही. बिलातल्या ओळी जशाच्या तशा देते.

मंगळसूत्र, २२ कॅरेट ९१६, १ नग
एकूण वजन २६.३४० ग्रॅम
काळे मणी ३.१२० ग्रॅम
निव्वळ वजन २३.२२० ग्रॅम
दर ९,१५० रुपये प्रति ग्रॅम
सोन्याची किंमत २,१२,४६३.००
घडणावळ १४ टक्के ३३,७४१.५४
हॉलमार्क ४५.००
करपात्र रक्कम २,४६,२४९.५४
सीजीएसटी १.५ टक्के ३,६९३.७४
एसजीएसटी १.५ टक्के ३,६९३.७४
एकूण २,५३,६३७.०२

सोन्याची किंमत जुळते. पण २,१२,४६३ चे १४ टक्के मला २९,७४४.८२ मिळतात आणि बिलात जवळपास चार हजार जास्त आहेत. बेरीज बरोबर आहे, कर बरोबर आहे, म्हणजे चूक घडणावळीच्या ओळीतच आहे. टक्केवारी वेगळीच लावली आहे की माझं काही निसटतंय?

अभय_ठाणेकर

घडणावळीवर जीएसटी ५ टक्के असतो, सोन्यावर ३ टक्के. तो फरक त्यांनी घडणावळीतच मिसळला असणार. खरं तर तुमच्या बिलात दोन्हींवर ३ टक्केच लावलेत, म्हणजे कर कमी घेतलाय. दुकानात विचारायला गेलात तर उलट वाढवून मागतील, जपून.

तराजू

अभय, ५ टक्क्यांचा मुद्दा बाजूला ठेवू, त्याकडे नंतर येतो. आधी मुग्धाताईंचा आकडा कुठून आला ते पाहू, कारण बिलाच्या आतच त्याचं उत्तर आहे.

मुग्धाताई, घडणावळीची रक्कम घ्या आणि उलटी चाला. ३३,७४१.५४ हे १४ टक्के असतील, तर शंभर टक्के किती? ३३,७४१.५४ भागिले ०.१४ म्हणजे २,४१,०११. ही कोणत्या तरी सोन्याची किंमत असायला हवी. तिला दराने भागा: २,४१,०११ भागिले ९,१५० म्हणजे २६.३४० ग्रॅम.

हे तुमचं एकूण वजन आहे, काळ्या मण्यांसकट. टक्केवारी १४ च आहे, ती बदललेली नाही. ती लावली आहे मण्यांसह पूर्ण वजनावर, म्हणजे ३.१२० ग्रॅम काचेच्या मण्यांना सोन्याचा दर लावून त्यावर घडणावळ काढली आहे. सोन्याची किंमत काढताना मात्र मणी बरोबर वजा केलेत. एकाच बिलात दोन ओळींना दोन वेगळी वजनं लागली आहेत.

फरक असा येतो: घडणावळीत ३,९९६.७२ जास्त, आणि त्यावर ३ टक्के कर धरून ४,११६.६२. निव्वळ वजनावर घडणावळ धरली असती तर एकूण बिल २,४९,५२०.४० झालं असतं.

भागाकाराचं उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत एका छापील वजनाशी जुळतंय, तो योगायोग नसतो. सहसा बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये घडणावळ कोणत्या वजनावर काढायची याचा पर्याय असतो आणि दागिन्याच्या प्रकाराप्रमाणे तो एकदा ठरवला की पुढची सगळी बिलं तशीच निघतात. काउंटरवरच्या माणसाला बरेचदा याची कल्पनाही नसते. त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याऐवजी हा भागाकार कागदावर मांडून दाखवा.

मुग्धा_एस

अरे वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी घडणावळ भागिले सोन्याची किंमत केलं तर १५.८८ टक्के आलं आणि वाटलं की १४ सांगून १६ लावलेत. पण त्यांनी असं का केलं असेल? हे चालतं का?

कारागीर_दादर

चालतं की नाही ते वकिलांना विचारा. आमच्या बाकावरून कसं दिसतं ते सांगतो.

मंगळसूत्राचं काम फक्त वाट्यांचं नसतं. वाट्या, सोन्याचे मणी, मधल्या पट्ट्या हे सोनाराचं काम. पण काळे मणी सोन्याच्या तारेत घालून एकेक कडी वळून जोडायची, म्हणजे प्रत्येक मण्यामागे दोन वळसे. त्या कामाला वाट्यांपेक्षा जास्त वेळ जातो. दोऱ्यात गाठवलेलं असेल तर काम कमी, तारेतलं असेल तर खूप. म्हणून मणीकामाची मजुरी पूर्ण वजनावर धरायची पद्धत कारखान्यात आहे. सराफाला आम्ही मजुरी अशीच लावतो, ग्रॅममागे इतके रुपये, मण्यांसकट.

त्यामुळे सराफाने गिऱ्हाईकाला तशीच लावली तर लगेच फसवणूक म्हणू नका.

तराजू

दादा, कारखान्यातली पद्धत तुम्ही म्हणता तशीच आहे. पण कारखान्यात मजुरी रुपये प्रति ग्रॅम असते, टक्क्यात नसते, आणि सगळा फरक तिथेच पडतो. ग्रॅममागे समजा ८०० रुपये मजुरी पूर्ण वजनावर लावली, तर ३.१२० ग्रॅम मण्यांमागे २,४९६ रुपये होतात. ते मणी ओवण्याच्या कामाचे पैसे आहेत, समजण्यासारखं आहे. टक्क्यात लावलं की मण्यांच्या वजनाला ९,१५० चा भाव लागतो. उद्या सोनं दहा टक्क्यांनी महागलं तर मणी ओवण्याची मजुरीही दहा टक्क्यांनी वाढेल, आणि काम तेवढंच असेल.

शिवाय टक्केवारी सांगताना गिऱ्हाईक ती सोन्याच्या किमतीवर धरतं. बिलातही 'सोन्याची किंमत' या ओळीखालीच '१४ टक्के' छापलंय. वाचणाऱ्याला वरच्या ओळीचे १४ टक्के असंच वाटणार.

कारागीर_दादर

टक्क्यात लावणं मलाही पटत नाही, ते खरं. पण मग सराफाने १६ टक्के निव्वळवर म्हटलं असतं तरी गिऱ्हाईकाने घेतलं असतं. मणीकाम कुणी फुकट करत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तराजू

१६ म्हटलं असतं तर गिऱ्हाईकाला शेजारच्या पेढीतल्या १६ शी तुलना करता आली असती. १४ ऐकून तुलना चुकते. हा मुद्दा मी सोडणार नाही.

आशाताई_कोल्हापूर

आमच्याकडे मात्र घडणावळीवर ५ टक्केच कर लावला होता. मी घरातलं ३० ग्रॅम सोनं पाटल्यांसाठी दिलं होतं, मजुरी १८,००० झाली, त्यावर ९०० रुपये कर. म्हणजे अभय बरोबर सांगतायत. मुग्धा, तुलाही ५ टक्के लागायला हवे होते, ३ लावून त्यांनी बिलात गडबड केली आहे असं दिसतं.

तराजू

आशाताई, तुमचं बिल बरोबर आहे आणि मुग्धाताईंचा करही बरोबर आहे, कारण दोन्ही व्यवहार वेगळे आहेत.

तुम्ही स्वतःचं सोनं दिलं आणि त्याच सोन्याच्या पाटल्या करून घेतल्या. सराफाने तुम्हाला सोनं विकलंच नाही, फक्त काम करून दिलं. त्या कामावर ५ टक्के, आणि सोन्यावर काहीच नाही. मुग्धाताईंनी तयार दागिना विकत घेतला. त्यात सोनं आणि मजुरी एकाच वस्तूचे भाग आहेत, सुटे विकलेले नाहीत, म्हणून पूर्ण किमतीला दागिन्याचाच दर लागतो, तो ३ टक्के. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर दीड अधिक दीड.

'सोन्यावर ३, घडणावळीवर ५' हे वाक्य बातम्यांतून इतकं फिरलंय की अभयना दोष देत नाही. तपासायला सोपं आहे. तुमच्या तयार दागिन्याच्या बिलात घडणावळीची ओळ करपात्र रकमेच्या वर आहे का पाहा. वर असेल आणि त्याखाली एकच ३ टक्के असेल तर बिल ठीक आहे.

पण आशाताई, एक शंका आहे. पाटल्या त्याच सोन्याच्या केल्या, की सोनं घेऊन काउंटरवरच्या तयार पाटल्या दिल्या? दुसरं असेल तर ती अदलाबदल झाली आणि मग पाटल्यांच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के लागायला हवे होते.

आशाताई_कोल्हापूर

नाही नाही, माझ्यासमोर वितळवलं आणि पंधरा दिवसांनी पाटल्या दिल्या. पावतीवर 'ग्राहकाचे सोने' असं लिहिलंय.

तराजू

मग तुमचं बिल चोख आहे.

अभय_ठाणेकर

तराजू, मान्य. मी दोन्ही एकच समजत होतो. पण मग हॉलमार्कच्या ४५ रुपयांवर १८ टक्के लागतात ना? माझ्या अंगठीच्या बिलात ५३.१० लिहिलंय. इथे ४५ वर ३ टक्केच लागलेत.

तराजू

४५ रुपये नगामागे ही हॉलमार्किंग केंद्राची फी आहे आणि केंद्र सराफाला त्यावर १८ टक्के लावतं, म्हणून ५३.१०. सराफ गिऱ्हाईकाच्या बिलात ती दोन प्रकारे दाखवतात. कुणी ४५ करपात्र रकमेत घालून सगळ्यावर ३ टक्के घेतं, कुणी ५३.१० ची वेगळी ओळ ठेवतं. नगामागे फरक पावणेसात रुपयांचा. योग्य कोणतं यावर कर सल्लागारांमध्ये मला एकमत दिसलेलं नाही. मी यावर कुणाशी भांडायला सांगणार नाही. मात्र ४५ च्या जागी दीडशे-दोनशे लिहिलेलं दिसलं तर जरूर विचारा. फी नगामागे असते, वजनावर नसते. वीस ग्रॅमच्या दागिन्यालाही तेवढीच आणि तीन ग्रॅमच्या अंगठीलाही तेवढीच.

निनाद_एक्सेल

तराजूंनी सांगितलेली उलटी चाल एका सूत्रात बसते. काही बिलांत घडणावळ वेगळी दाखवतच नाहीत, नुसती शेवटची रक्कम असते. तेव्हा याचा उपयोग होतो. B2 मध्ये निव्वळ वजन, B3 मध्ये दर, B4 मध्ये हॉलमार्क, B5 मध्ये करासह एकूण रक्कम:

```
=(B5/1.03-B4-B2*B3)/(B2*B3)
```

मुग्धा यांचे आकडे घातले की ०.१५८८ येतं, म्हणजे १५.८८ टक्के. हीच खरी घडणावळ. वेगवेगळ्या पेढ्यांची तुलना करायची तर या आकड्याची करावी, तोंडी सांगितलेल्या टक्क्यांची नाही.

माझा प्रश्न असा: एका बिलात 'घट ८ टक्के, मजुरी ६ टक्के' असं दिसलं. दोन्ही मिळून १४ च ना?

तराजू

सूत्र छान आहे. फक्त हॉलमार्क ५३.१० असा कराच्या खाली वेगळा असेल तर तो आधी B5 मधून वजा करा आणि B4 मध्ये शून्य ठेवा.

घट आणि मजुरी मिळून १४ होत नाहीत. घट म्हणजे घडवताना वाया जातं असं धरलेलं सोनं, ते वजनात मिळवतात आणि मजुरी त्या वाढलेल्या वजनाच्या किमतीवर लावतात. दहा ग्रॅम निव्वळ धरा, दर तोच ९,१५०. घटीसह वजन १०.८०० झालं, किंमत ९८,८२०. त्यावर ६ टक्के मजुरी ५,९२९.२०. एकूण १,०४,७४९.२०. खऱ्या दहा ग्रॅमची किंमत ९१,५००, म्हणजे वरचे १३,२४९.२०, ते होतात १४.४८ टक्के. निनाद, तुमच्याच सूत्रात B2 मध्ये १०.००० घातलं की हेच येईल. तिथे १०.८०० घालू नका, कारण ते ०.८०० ग्रॅम तुमच्या हातात येत नाहीत.

दागिना मोडायला नेलात तर घट परत मिळत नाही आणि मजुरीही नाही. त्यामुळे नावं दोन असली तरी दोन्ही घडणावळच समजा.

रेवती_नाशिक

माझा प्रश्न मोडीचा आहे. जुनी बांगडी मोडीत देऊन नवीन हार घेतला. साधारण सत्तर हजारांची मोड निघाली. सराफाने कर हाराच्या पूर्ण किमतीवर घेतला आणि मग मोड वजा केली. मोड आधी वजा करून उरलेल्या रकमेवर कर हवा ना? जवळपास २,१०० रुपये जास्त गेले.

अभय_ठाणेकर

हे मात्र चूक वाटतं. सोनं तुमचंच आहे, त्यावर कर कसा?

तराजू

रेवतीताई, कराबाबत सराफाचं बरोबर आहे. हाराची किंमत मोडीमुळे कमी होत नाही, तुम्ही ती कशात चुकती केली एवढंच बदलतं. सत्तर हजार सोन्यात दिले, बाकी पैशात. कर हाराच्या पूर्ण किमतीवर. तुम्ही जुनं सोनं सराफाला दिलंत त्यावर तुमच्याकडून काही कर घ्यायचा नसतो, तो घेतलेला नाही ना एवढं पाहा.

पण मोडीच्या हिशोबाकडे जरा नीट बघा. माझ्या पाहण्यात गिऱ्हाईकाचे जास्त पैसे तिथे जातात, घडणावळीपेक्षाही. बिलावर वितळल्यानंतरचं वजन, टंच आणि दर काय आहेत?

रेवती_नाशिक

वितळून ७.९६० ग्रॅम, टंच ८७.५०, दर ९,१५०, मोडीची रक्कम ६३,७२९.७५. सत्तर हजार मी तोंडी ऐकलं होतं, बिलात एवढी आहे. त्या दिवशीचा २४ कॅरेटचा दर फलकावर ९,९८० होता.

तराजू

मग इथे थांबा.

टंच ८७.५० म्हणजे वितळलेल्या लगडीत शंभरात साडेसत्याऐंशी भाग शुद्ध सोनं. ७.९६० गुणिले ०.८७५ म्हणजे ६.९६५ ग्रॅम. हे शुद्ध सोन्याचं वजन आहे, २४ कॅरेटचं. त्याला दरही २४ कॅरेटचा लागायला हवा. ६.९६५ गुणिले ९,९८० म्हणजे ६९,५१०.७०. तुम्ही तोंडी ऐकलेले साधारण सत्तर हजार हेच असणार.

बिलात मात्र शुद्ध वजनाला २२ कॅरेटचा दर लावलाय. ६.९६५ गुणिले ९,१५० म्हणजे बरोबर ६३,७२९.७५. अशुद्धी एकदा टंचातून वजा झाली आणि दुसऱ्यांदा दरातून. फरक ५,७८०.९५ रुपयांचा आहे.

मोडीच्या हिशोबात दोन्हींपैकी एकच गोष्ट कमी व्हायला हवी. टंच लावून शुद्ध वजन काढलं असेल तर २४ चा दर. टंच न लावता '२२ कॅरेट आहे' असं मानून वितळलेलं वजन तसंच घेतलं असेल तर २२ चा दर. दोन्ही एकत्र नाही.

काही पेढ्या मोडीच्या दरात दोन-तीन टक्के कपात करतात, ती वेगळी आणि ती आधी सांगायला हवी. तुमच्याकडे ९,९८० च्या जागी ९,७८० असता तर मी कपात समजलो असतो. पण ९,१५० हा नेमका फलकावरचा २२ चा दर आहे, म्हणून मला हा हिशोबातला घोळ वाटतो.

रेवती_नाशिक

मी २,१०० साठी विचारायला आले आणि इथे पावणेसहा हजार निघाले. उद्याच जाते. काय घेऊन जाऊ?

तराजू

बिल, वितळवताना दिलेली टंचाची चिठ्ठी, आणि त्या दिवशीच्या फलकाचा फोटो असेल तर तो. काउंटरवर एवढंच विचारा: 'टंच लावल्यावर उरलेलं वजन कोणत्या कॅरेटचं?' उत्तर '२४' हेच येणार. मग दर २२ चा का, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

मुग्धा_एस

दराचा विषय निघालाच आहे तर, माझा ९,१५० हा दर बरोबर आहे का हे कसं पाहायचं? माझ्या दिवशीही २४ चा फलक ९,९८० च होता.

तराजू

९,१५० भागिले ९,९८० म्हणजे ०.९१७ च्या जवळपास. २२ भागिले २४ हेही तेवढंच, त्यामुळे दर सरळ आहे. काही पेढ्या २२ साठी ९१.६ टक्के धरतात, काही ९२ टक्के. ९,९८० वर ९१.६ धरला तर ९,१४१.६८ आणि ९२ धरला तर ९,१८१.६०. ग्रॅममागे चाळीस रुपये कमी वाटतात, पण तुमच्या २३.२२० ग्रॅमवर ते ९२७ रुपये होतात. नगावर ९१६ कोरलेलं असताना ९२ चा भाव का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तुमच्या बिलात तो प्रश्न नाही.

मुंबईच्या आयबीजेए या सराफांच्या संघटनेचे दर दिवसातून दोनदा येतात, त्यात जीएसटी आणि घडणावळ धरलेली नसते. पेढीचा दर त्यापेक्षा थोडा वर असू शकतो. मात्र एखाद्या फलकावर करासह दर लिहिलेला असेल आणि बिलात त्यावर पुन्हा ३ टक्के लागले असतील तर लगेच बोला.

निनाद_एक्सेल

एक राहिलं. निव्वळ वजन २३.२२० आहे हे कुणी तपासलं? मण्यांचं वजन ३.१२० हे सराफाने सांगितलं म्हणून धरायचं का? गाठवलेल्या मंगळसूत्रातून मणी वेगळे करून तोलता येत नाहीत.

कारागीर_दादर

हा खरा प्रश्न आहे. दोऱ्यात गाठवलेलं असेल तर सोनं आधी तोललेलं असतं, मग गाठवतात, पुन्हा तोलतात. दोन वजनांतला फरक म्हणजे मणी आणि दोरा. ती आधीची नोंद टॅगवर किंवा पेढीच्या वहीत असते, मागितली तर दाखवतात. तारेतलं असेल तर अंदाज घ्यावा लागतो. त्याच पुडीतले शंभर मणी तोलायचे, मंगळसूत्रातले मणी मोजायचे, गुणाकार करायचा. मण्यांचा आकार एकसारखा नसेल तर थोडं इकडेतिकडे होतं.

आणि तारेचं वजन सोन्यात धरायला हवं, मण्यांत नाही. गिऱ्हाईकाचं नुकसान तिथेही होऊ शकतं आणि सराफाचंही.

तराजू

दादांनी नेमकं सांगितलं. अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तर किती पडतं ते मांडतो: ०.५०० गुणिले ९,१५० म्हणजे ४,५७५, त्यावर १४ टक्के आणि मग ३ टक्के धरून साधारण ५,३७२ रुपये. म्हणजे मुग्धाताईंच्या घडणावळीच्या फरकापेक्षा जास्त. ही चूक बिलावर दिसत नाही, कारण बिलातला प्रत्येक गुणाकार बरोबर येतो.

ठुशीच्या गोंड्याचं आणि खड्यांचं तसंच आहे. खड्यांचं वजन कॅरेटमध्ये लिहिलं असेल तर पाचाने भागून ग्रॅम काढा. चार कॅरेटचे खडे म्हणजे ०.८०० ग्रॅम. ते सोन्यातून वजा झाले नसतील तर खडे सोन्याच्या भावाने ७,३२० रुपयांना घेतल्यासारखं होतं.

अभय_ठाणेकर

पण हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी असतोच ना? बीआयएस केअर ॲपवर टाकला की सगळं कळतं.

तराजू

ॲपवर दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफ आणि हॉलमार्किंग केंद्राची माहिती ताडून पाहता येते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याची विक्री एचयूआयडीसहच व्हायला हवी, त्यामुळे तो जरूर पाहा आणि बिलातल्या ९१६ शी जुळतो का बघा. पण ९१६ असणं वेगळं आणि मण्यांचं वजन बरोबर वजा होणं वेगळं. त्यासाठी काट्यावरची ती दोन वजनंच लागतात.

मुग्धा_एस

मी आज पेढीत बोलले. त्यांनी भागाकार पाहिला, मान्यही केलं की घडणावळ पूर्ण वजनावर लागली आहे. पण म्हणाले, 'मणीकामाच्या दागिन्यांना आमची पद्धतच अशी आहे.' बुकिंगच्या कच्च्या पावतीवर फक्त 'घडणावळ १४ टक्के' आहे, कशावर ते लिहिलेलं नाही. मालक परवा येतील तेव्हा बोलू म्हणाले. मण्यांची नोंद मात्र दाखवली, दोऱ्यात गाठवलेलं आहे, दोन्ही वजनं वहीत होती आणि फरक ३.१२० च आहे.

तराजू

वजनाची काळजी मिटली, हे चांगलं झालं.

परवा जाताना कच्च्या पावतीची प्रत ठेवा. पावतीवर 'पूर्ण वजनावर' असं लिहिलेलं नाही हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, आणि बिलात ती ओळ सोन्याच्या किमतीखाली आहे हा दुसरा. त्यांनी मान्य केलं तर रोख परत घेऊन गप्प बसू नका. क्रेडिट नोट मागा, ३,९९६.७२ आणि त्यावरचा कर असे ४,११६.६२ ची. बिलाची रक्कम कमी झाली की करही कमी व्हायला हवा, आणि तो कागदावरच कमी होतो.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बिल, पावती आणि तुमचा भागाकार एवढं पुरेसं आहे.

कारागीर_दादर

मुग्धाताई, मालकांशी बोलताना हेही विचारा: मणीकामाची मजुरी ग्रॅममागे किती रुपये देता? ती पूर्ण वजनावर लावून किती होते ते काढा. कदाचित दोघांना पटेल असा आकडा मध्ये कुठेतरी निघेल. माझं मत अजून तेच आहे, ओवणाऱ्याचे पैसे द्यायलाच हवेत.

तराजू

द्यायलाच हवेत, पण वेगळ्या ओळीत. 'मणीकाम मजुरी, इतके रुपये' असं लिहिलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

रेवती_नाशिक

माझं सांगते. टंचाची चिठ्ठी दाखवली, दोन मिनिटांत त्यांनी स्वतःच पुन्हा हिशोब केला आणि ५,७८०.९५ चा फरक मान्य केला. दर निवडताना २४ ऐवजी २२ निवडला गेला म्हणाले. पुढच्या खरेदीत जमा करतो म्हणतायत, रोख नाही. हे घ्यावं का?

अभय_ठाणेकर

रोखच मागा. पुढची खरेदी कधी होईल कुणास ठाऊक.

तराजू

मोड तुम्ही विकलेली वस्तू आहे आणि तिची किंमत कमी दिली गेली. ती रक्कम तुमची आहे, तिला खरेदीची अट घालायची गरज नाही. बँक खात्यात मागा आणि मोडीची पावती सुधारून घ्या, तीवर दर ९,९८० दिसला पाहिजे.